धागा: व्यापारी संकुलाचा वाहतूक परिणाम अहवाल – दुभाजक बंद केला, पण चौकाचा तक्ता जुनाच राहिला का?

नकाशेवाली
एका नव्या व्यापारी संकुलाचा वाहतूक परिणाम अहवाल तपासायला आलाय. काहीतरी जुळत नाहीये, पण नेमकं बोट ठेवता येत नाही, म्हणून धागा काढते.

जागा अशी. पूर्व-पश्चिम मुख्य रस्ता, दुभाजक आहे, दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन. वाहतूक डावीकडून. संकुल रस्त्याच्या उत्तरेला, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या डाव्या हाताला. गेटपासून पूर्वेला १४० मीटरवर सिग्नलचा चौक. चौकाच्या पूर्वेला २५० मीटरवर एक यू-टर्न आहे, गेटच्या पश्चिमेला ६०० मीटरवर दुसरा.

संकुलाचं भाड्याने देण्याजोगं क्षेत्र १२,००० चौरस मीटर. संध्याकाळच्या गर्दीच्या तासाला ४५० फेऱ्या धरल्यात: २१६ आत, २३४ बाहेर. त्यातल्या २०% पास-बाय, म्हणजे तशाही याच रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांच्या, म्हणून वजा केल्या आणि ३६० वर पुढचं सगळं गणित केलं. पहिल्या मसुद्यात गेटसमोर दुभाजकाला कट होता. वाहतूक शाखेने तो बंद करायला सांगितला, नकाशात तो बंद झाला. अंतिम अहवालात चौकाचा व्ही बाय सी, म्हणजे येणाऱ्या गाड्या भागिले क्षमता, ०.९५ दाखवलाय, म्हणजे 'चालतंय'. पहिल्या मसुद्यातही ०.९५ च होता. हे कसं शक्य आहे?

हळूचालवा
कट बंद केला म्हणून गाड्या घरी बसल्या असतील. :-)

तिसरा मजला
माझ्या मते मुळात पार्किंग कमी पडणार आहे. १२,००० चौरस मीटरला किती गाड्यांची सोय केलीय ते बघा. आमच्या इमारतीखाली दुकानं आली तेव्हा सगळ्या गाड्या आमच्याच गेटसमोर लागायला लागल्या, तीन वर्षं भांडतोय. पार्किंग पुरेसं असेल तर चौकाचं काही अडणार नाही.

पिवळा दिवा
तिसरा मजला, पार्किंग हा वेगळा हिशोब आहे. पार्किंग भरपूर असेल तर उलट चौकात जास्त गाड्या येतील. इथला प्रश्न गाडी गेटमधून बाहेर पडल्यावर कुठे जाते हा आहे.

नकाशेवाली, फेऱ्यांची दिशावार विभागणी टाका. आणि चौकाच्या तक्त्यातला पश्चिम बाजूचा ॲप्रोच, म्हणजे गेटकडून चौकात येणाऱ्या गाड्या: त्यात संकुलामुळे किती वाढल्या म्हटलंय? सध्याचे आकडेही द्या.

नकाशेवाली
नव्या ३६० फेऱ्यांपैकी १७१ आत, १८९ बाहेर. बाहेर पडणाऱ्यांत पश्चिमेला ७६, पूर्वेला ६६, दक्षिणेला २८, उत्तरेला १९. आत येणाऱ्यांत पश्चिमेकडून ६८, पूर्वेकडून ६०, दक्षिणेकडून २६, उत्तरेकडून १७.

चौकात पश्चिम ॲप्रोचवर वाढ: सरळ ६६, डावीकडे १९, उजवीकडे २८. एकूण ११३.

आज त्याच ॲप्रोचवर उजवीकडे वळणाऱ्या २१०, सरळ जाणाऱ्या १,०८०. समोरून पश्चिमेला सरळ जाणाऱ्या १,१५०. सगळे आकडे पीसीयूत, म्हणजे प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात मोजून. सायकल १२० सेकंदांचं, फेज चार: मुख्य रस्ता सरळ, मुख्य रस्त्याची उजवी वळणं, मग उत्तर, मग दक्षिण. डावं वळण मोकळं आहे.

पिवळा दिवा
सापडलं.

कट बंद झाला की गेटमधून फक्त डावीकडे बाहेर पडता येतं. म्हणजे बाहेर पडणारी प्रत्येक गाडी चौकाकडेच जाते, पश्चिमेला जायचं असेल तरीही. त्या ७६ गाड्या कुठे गेल्या? अहवालात त्या अजून कटमधून उजवीकडे वळताहेत, जो कट नकाशात नाहीच. दुभाजक बदलला, पण फेऱ्या रस्त्यावर पुन्हा टाकल्या नाहीत. म्हणून ०.९५ तसाच राहिला.

पास-बायचाही थोडा भाग यात आहे. ९० फेऱ्या म्हणजे ४५ गाड्या आत आणि त्याच ४५ बाहेर. दोन्ही दिशांना सारख्या वाटल्या तर साधारण २३ पूर्वेला जाणाऱ्या, २२ पश्चिमेला जाणाऱ्या. पूर्वेच्या २३ वाटेतच आत शिरतात आणि पुन्हा त्याच वाटेने जातात, त्यांनी चौकात काही फरक पडत नाही. पश्चिमेच्या २२ मात्र चौक ओलांडून पुढे येतात, पश्चिमेच्या यू-टर्नला वळून आत जातात, खरेदी झाली की चौकात परत येतात आणि पुन्हा यू-टर्न घेऊन पश्चिमेला जातात. त्यांना चौक दोनदा लागतो.

म्हणजे पश्चिम ॲप्रोचवर खरी वाढ १८९ अधिक २२, म्हणजे २११. अहवालात ११३. फरक ९८, आणि हे सगळेच्या सगळे उजव्या लेनमधले यू-टर्न आहेत.

असा कुठलाही अहवाल हातात आला की आधी ही बेरीज करून बघायची. गेटमधून किती बाहेर पडल्या, त्यातल्या आधीपासून त्याच रस्त्यावर होत्या त्या किती, आणि पुढच्या चौकात किती पोचल्या. सॉफ्टवेअरच्या शंभर पानांपेक्षा ही एक बेरीज जास्त बोलते.

साइटवरून
असे अहवाल करणाऱ्यांपैकी मी एक आहे (हा नाही). पास-बाय वजा केलं यात चूक काही नाही. त्या गाड्या रस्त्यावर आधीच आहेत, नव्या म्हणून मोजल्या तर दोनदा मोजल्यासारखं होईल. आणि यू-टर्नचं म्हणाल तर लोक पूर्वेच्या २५० मीटरवाल्या यू-टर्नला जातील. चौकात यू-टर्न घेतीलच असं कशावरून?

पिवळा दिवा
पहिला मुद्दा अर्धा बरोबर. चौकात सरळ जाणाऱ्या प्रवाहातून पास-बाय वजा करता येतात. गेटवर करता येत नाहीत, कारण गेटमधून ती गाडी आत वळतेच. गेटला ४५० च धरायचे. या अहवालाने गेटलाही ३६० धरलेत.

त्याचा परिणाम बघा. नकाशेवालींनी लिहिलं नाही, पण आत येताना तिकिटाचा अडसर असणारच. एका अडसराला एका गाडीमागे १२ सेकंद धरले तर तासाला ३०० गाड्या होतात. १७१ येणार असतील तर शंभरातल्या ९५ वेळा अडसरावरची गाडी धरून ५ पेक्षा जास्त गाड्या नसतात, ३३ मीटर जागा पुरते. २१६ येणार असतील तर तोच आकडा ९ गाड्यांवर जातो, जवळपास ६० मीटर. मागणी फक्त सव्वापट वाढली, रांग पावणेदोनपटीपेक्षा जास्त. अडसर किती आत आहे?

नकाशेवाली
रस्त्याच्या कडेपासून ३६ मीटर. एकच अडसर. '३३ मीटर आवश्यक, ३६ उपलब्ध' असं वाक्यच आहे.

हळूचालवा
म्हणजे शेवटच्या तीन-चार गाड्या मुख्य रस्त्याच्या डाव्या लेनमध्ये उभ्या.

मोजणीदार
आणि ४५० तरी कुठून आले? दर परदेशी पुस्तकातून उचलला असेल तर एकदा तपासा. आयटीईच्या ट्रिप जनरेशन मॅन्युअलचे दर अमेरिकेत मोजलेले आहेत, बहुतेक उपनगरातल्या आणि जवळपास सगळे मोटारीनेच येतात अशा जागांवर. ते वापरू नयेत असं नाही, पण तुलनेला. मुख्य आकडा त्याच शहरातल्या तशाच दोन-तीन संकुलांच्या गेटवर मोजून घ्यावा. मोजताना आत आणि बाहेर वेगळं, १५-१५ मिनिटांचं, दुचाकी आणि टॅक्सी वेगळ्या. टॅक्सी माणूस सोडते आणि लगेच परत जाते, एका ग्राहकामागे दोन फेऱ्या. हे बहुतेक जण विसरतात.

शिवाय दिवस कोणता? ऑफिस सुटतानाची गर्दी आणि खरेदीची गर्दी एका वेळी येत नाही. शनिवारी संध्याकाळी रस्ता थोडा मोकळा असतो पण संकुल भरलेलं. दोन्ही तपासावे लागतात.

नकाशेवाली
दर तीन संकुलांच्या मोजणीवरून काढलाय, तो भाग बरा वाटला. शनिवार नाही. मागवते.

पिवळा दिवा, मग खरा व्ही बाय सी किती होतो? आणि साइटवरून यांनी पूर्वेच्या यू-टर्नचं म्हटलंय, त्याचं काय?

पिवळा दिवा
करू. सॅच्युरेशन फ्लो, म्हणजे दिवा सलग हिरवा राहिला तर तासाला सुटतील तेवढ्या गाड्या, मी दोन सरळ लेनला मिळून ३,६०० आणि उजव्या लेनला १,६०० धरतोय, तुमच्या अहवालात वेगळे असतील तर बदला.

आजची स्थिती. सरळ १,१५० भागिले ३,६००, म्हणजे ०.३२. उजवीकडे २१० भागिले १,६००, म्हणजे ०.१३. उत्तर आणि दक्षिण ०.१७ आणि ०.१६ धरू, तेवढे असतील तरच अहवालातला ०.९५ जुळतो. बेरीज ०.७८. चार फेजमध्ये प्रत्येकी ४ सेकंद वाया, म्हणजे १२० पैकी १०४ कामाचे. ०.७८ गुणिले १२०, भागिले १०४ = ०.९०. चौक आजच काठावर आहे.

अहवालाची आवृत्ती. सरळमध्ये पूर्वेकडून येणाऱ्या ६० मिळवून ०.३३६. उजवीकडे २१० अधिक २८, ०.१४९. उत्तरेकडून १७ वाढल्या, ०.१८. बेरीज ०.८२५, व्ही बाय सी ०.९५. हाच त्यांचा आकडा.

आता ९८ यू-टर्न घाला. यू-टर्न घेणारी गाडी हळू वळते, मागच्यांना थांबवते. एक यू-टर्न म्हणजे १.३ उजवी वळणं धरतो. २३८ अधिक १२७, म्हणजे ३६५. भागिले १,६००, ०.२२८. बेरीज ०.९०४, व्ही बाय सी १.०४.

१.०४ म्हणजे 'जरा जास्त' नव्हे. हिरवा वेळ सगळ्यांना प्रमाणात वाटला तर उजव्या वळणाला साधारण २६ सेकंद येतात, त्यात साडेअकरा पीसीयू सुटतात. येतात बारा-सव्वाबारा. दर सायकलला अर्ध्याहून जास्त गाडी मागे राहते, तासाला ३० सायकलं, तासाच्या शेवटी १५-२० गाड्यांची न संपणारी रांग. उजव्या लेनची लांबी किती आहे?

नकाशेवाली
४५ मीटर, पुढे ३० मीटरची निमुळती.

पिवळा दिवा
सात गाड्या मावतात. आठवी सरळ लेनमध्ये उभी राहणार. मग सरळच्या दोन लेनपैकी एक बंद, आणि ०.३३६ हा आकडा राहतच नाही, कारण तो दोन लेन धरून काढलाय. तक्ता प्रत्येक प्रवाह वेगळा धरतो, रस्त्यावर ते एकाच डांबरावर असतात.

साइटवरून, पूर्वेच्या यू-टर्नबद्दल तुमचं म्हणणं गणितात तपासलं. ९८ गाड्या सरळ चौक ओलांडून पुढे गेल्या आणि वळून परत सरळ आल्या तर पश्चिमेला सरळ १,३०८ होतात, ०.३६३. उजवी लेन परत ०.१४९. बेरीज ०.८५२, व्ही बाय सी ०.९८. चौक दोनदा ओलांडूनही बरं, कारण सरळला दोन लेन आहेत आणि उजवीकडे एकच. पण ज्याला दोन मिनिटांत चौकातच वळता येतं तो अर्धा किलोमीटर फिरून येत नाही. पाटीने तर नाहीच. चौकातला यू-टर्न दुभाजकाचं टोक पुढे वाढवून भौमितिकच अशक्य करावा लागेल, आणि मग लांब गाड्यांचं उजवं वळण अडत नाही ना ते वळणाच्या टेम्प्लेटवर तपासावं लागेल.

मोजणीदार
एक शंका. आजचे उजवे २१० कुठे मोजले? थांबारेषेवर मोजले असतील तर ती मागणी नाही, सुटलेल्या गाड्या आहेत.

४५ मीटरच्या लेनचं तोंड बघा. सरळ जाणाऱ्या १,०८० म्हणजे एका लेनला सायकलमागे १८ गाड्या. लाल दिव्यात त्यातल्या अकरा-बारा जमतात, ७५ मीटर रांग. उजवीकडे वळणारा त्या रांगेच्या मागे अडकतो, उजव्या लेनपर्यंत पोचतच नाही. उजवा दिवा हिरवा होतो तेव्हा लेन अर्धी रिकामी असते. थांबारेषेवरचा माणूस लिहितो, 'उजवीकडे मागणी कमी'. तासभर मागे उभं राहून बघितलं की कळतं: उजवा हिरवा असताना लेनमध्ये डांबर दिसतंय, आणि मागे इंडिकेटर लावलेल्या गाड्या उभ्या आहेत. मोजणी रांगेच्या शेपटापाशी करायची, किंवा प्रत्येक हिरव्यानंतर उरलेली रांग मोजून सुटलेल्या आकड्याशी जुळवायची.

साइटवरून
हे मान्य. थांबारेषेवरचीच मोजणी सगळीकडे चालते कारण तिला दोन माणसं लागतात आणि शेपटाला चार.

पण मग कट ठेवणंच बरं नव्हतं का? वाहतूक शाखेने उगाच बंद केला म्हणायचं. कट असता तर चौकावर हा भार आलाच नसता.

पिवळा दिवा
कटमधून उजवीकडे बाहेर पडायला दोन्ही दिशांच्या मिळून तासाला २,३०० हून जास्त गाड्यांमध्ये एकदम फट मिळावी लागते. फट-स्वीकाराच्या सूत्राने, सात सेकंदांची फट धरून, तासाला ३० गाड्याही निघत नाहीत. मागणी ९८. मग लोक दुभाजकात नाक घालून उभे राहतात आणि समोरच्याला ब्रेक मारायला लावतात. शाखेने बंद केलं ते योग्यच.

पण आत येणाऱ्या उजव्या वळणाची गोष्ट वेगळी आहे. त्याला एकाच दिशेच्या, पूर्वेला जाणाऱ्या साधारण १,३०० गाड्यांमधून जायचंय, त्याची क्षमता तासाला ५०० च्या आसपास निघते आणि मागणी १०३ अधिक २२ म्हणजे १२५. म्हणजे कट एकदिशा करता येतो: पूर्वेकडून आलेल्याला आत वळता येईल, गेटमधून बाहेर पडणाऱ्याला ओलांडता येणार नाही असा तिरका. चौकाचा भार त्याने हलका होत नाही, पण पश्चिमेच्या यू-टर्नवरच्या १२५ फेऱ्या वाचतात.

नकाशेवाली
तो कट आहे त्याच जागी बसेल का? दुभाजक १४० मीटरच आहे.

पिवळा दिवा
नाही. तीच खरी अडचण आहे. १४० मीटरच्या दुभाजकात दोन लेन पाठीला पाठ लावून बसवायच्या आहेत. चौकाची उजवी लेन सरळ रांगेच्या पलीकडे जायला हवी म्हणून १०० मीटर, तिची निमुळती ३०. कटात वळणाऱ्यांना ४० मीटर आणि निमुळती २०. एकूण १९०. शिवाय गेटमधून डावीकडे निघून उजव्या लेनपर्यंत दोन लेन ओलांडायला जी जागा लागते, ती आज कागदावर ६५ मीटर आहे आणि रांग लागली की शून्य.

गेट पश्चिमेला सरकवा. प्लॉटचा दर्शनी भाग किती?

नकाशेवाली
१६० मीटर, पश्चिम टोकाला गेट नेलं तर चौकापासून २७० मीटर होतं. हे मी विचारलं होतं. वास्तुविशारदाचं उत्तर: तळघराचा उतार तिथे येत नाही, खांबांची ओळ बदलावी लागेल.

हळूचालवा
खांबांची ओळ कागदावर आहे तोवर बदलता येते.

साइटवरून
तुम्ही म्हणता ते सगळं केलं तरी अहवालात पाच वर्षांनंतरचं वर्ष घ्यावं लागतं ना? वर्षाला ३% वाढ धरली तर पाच वर्षांत १.१६ पट. आजचाच ०.९० संकुलाशिवाय १.०४ होतो. मग विकासकाने काय म्हणून गेट हलवायचं? चौक तसाही बुडणार आहे.

पिवळा दिवा
हा युक्तिवाद प्रत्येक सुनावणीत येतो. संकुल नसताना १.०४ आणि असताना किती, हा फरक विकासकाचा. गेटची जागा आणि अडसराची खोली तर संपूर्ण त्याचीच, तिचा पार्श्वभूमीच्या वाढीशी संबंध नाही. चौकाच्या रुंदीकरणात त्याचा वाटा किती यावर मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. काही ठिकाणी वाढलेल्या गाड्यांच्या प्रमाणात घेतात. पण भरलेल्या चौकात शेवटची ५% गाडी जो विलंब वाढवते तो ५% पेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे ते प्रमाणही न्याय्य वाटत नाही.

मोजणीदार
३% सरसकट लावणंही बरोबर नाही. भरलेल्या ॲप्रोचवर वाढ मावतच नाही, ती दुसऱ्या रस्त्यावर किंवा दुसऱ्या वेळेला सरकते.

साइटवरून
मग १.०४ म्हणण्यालाही अर्थ नाही.

मोजणीदार
आहे. मागणी मावत नाही, एवढाच.

तिसरा मजला
पण पार्किंग किती आहे ते कोणी सांगितलंच नाही.

नकाशेवाली
३४० मोटारी, नियमापेक्षा जास्त. :-)

परत पाठवताना हे मागते: कट बंद धरून फेऱ्यांचं नवं वाटप, गेटला पूर्ण ४५० घेऊन अडसराची रांग (दोन अडसर किंवा ६० मीटर), उजव्या वळणाची मोजणी रांगेच्या शेपटापासून, शनिवारची मोजणी, आणि २७० मीटरवरच्या गेटचा पर्याय एकदिशा कटसह. चौकातला यू-टर्न बंद करायचा की नाही ते वाहतूक शाखेला विचारावं लागेल.

पिवळा दिवा
पादचाऱ्यांची फेज विचारा. चार फेजमध्ये ती दिसत नाही. मुख्य रस्ता ओलांडायला वेगळे सेकंद दिले तर वरचे सगळे आकडे अजून वाढतील, आणि संकुलात चालत येणारे रस्त्याच्या दक्षिणेकडूनही येणारच.

नकाशेवाली
बघितलं. पादचारी 'उजव्या वळणाच्या फेजमध्ये समांतर' असं लिहिलंय.

पिवळा दिवा
कुठल्या बाजूला समांतर? त्या फेजमध्ये पश्चिमेकडून आलेले दक्षिणेच्या बाजूला वळतात, पूर्वेकडून आलेले उत्तरेच्या, म्हणजे उपरस्ते ओलांडणाऱ्यांच्या अंगावर. मुख्य रस्ता पश्चिम बाजूने ओलांडावा तर तुमचे ९८ यू-टर्न त्याच पट्ट्यावर येतात. तो नकाशा टाकता आला तर टाका.